ओआरपी इलेक्ट्रोड प्रमाण द्रावणात ४४ मिलिव्होल्ट कमी दाखवतो: साफ करावा, ऑफसेट द्यावा की बदलावा?

चाकणची_संध्या

आमच्या प्लेटिंग कारखान्याच्या ईटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात, क्रोमियमचे पाणी टाकीत घेऊन, पीएच २.२ च्या आसपास आणून, त्यात सोडियम मेटाबायसल्फाईट सोडले जाते. ओआरपी, म्हणजे पाण्याचे ऑक्सिडीकरण-क्षपण विभव, २८० मिलिव्होल्टपर्यंत उतरला की कंट्रोलर डोसिंग पंप बंद करतो. गेल्या महिन्यात टाकीजवळ गंधकाचा उग्र वास येऊ लागला आणि मीटरवरचा आकडाही फार सुस्तपणे हलू लागला, म्हणून मी इलेक्ट्रोड काढून ४७५ मिलिव्होल्टच्या प्रमाण द्रावणात तपासला. आकडा स्थिर व्हायला पाच मिनिटे लागली आणि तो ४३१ वर थांबला. मग साबणाच्या पाण्याने व नंतर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने टोक साफ केले. आता आकडा ४० सेकंदांत स्थिर होतो, पण थांबतो पुन्हा ४३१ वरच.

खरे कोडे पुढे आहे. इलेक्ट्रोड साफ करण्याआधी डायफिनाईलकार्बाझाईडच्या चाचणीत पाणी रंगहीन राहायचे, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम उरत नव्हते. साफ केल्यानंतरच्या पहिल्याच बॅचला मात्र गुलाबी-जांभळा रंग आला. वास गेला आणि क्रोमियम उरले! वरिष्ठ म्हणतात की +४४ चा ऑफसेट द्या आणि काम सुरू ठेवा. इलेक्ट्रोड साफ करून भागेल की बदलावाच लागेल, हे ठरवायचे कसे?

भोसरीकर७४

संध्याताई, तुम्ही एकाच द्रावणात तपासणी केली, ही मूळ चूक आहे. पीएच इलेक्ट्रोडप्रमाणे याचेही दोन बिंदूंवर कॅलिब्रेशन करून स्लोप काढावा लागतो. स्लोप ८५ टक्क्यांच्या खाली गेला की इलेक्ट्रोड बाद समजावा. शिवाय मीटरमध्ये तापमानभरपाई सुरू आहे का ते पाहा. द्रावणाची किंमत २५ अंशांची असते आणि आपल्याकडे शेडमध्ये ३५ अंश असतात, त्यामुळे फरक दिसणारच.

निवृत्त_केमिस्ट

भोसरीकर यांचा दोन द्रावणांचा सल्ला योग्य आहे, पण त्यामागचे कारण वेगळे आहे. पीएच इलेक्ट्रोडच्या काचेची संवेदनशीलता वयानुसार घटते, म्हणून तिथे स्लोप सुधारावा लागतो. ओआरपीमध्ये प्लॅटिनमचा तुकडा द्रावणाचे विभव जसेच्या तसे घेतो आणि ते संदर्भ इलेक्ट्रोडशी ताडून दाखवले जाते, त्यामुळे तिथे सुधारण्याजोगा स्लोप नसतो. बहुतेक मीटरमध्ये फक्त ऑफसेट देता येतो, आणि म्हणूनच मी याला कॅलिब्रेशन न म्हणता तपासणी म्हणतो. मीटरमधली तापमानभरपाईदेखील ओआरपीला लागू होत नाही. तापमानामुळे प्रमाण द्रावणाची स्वतःची किंमत बदलते, आणि ती बाटलीवरच्या तक्त्यातूनच वाचावी लागते. झोबेलचे द्रावण हे दुसरे प्रचलित प्रमाण द्रावण अंशामागे सुमारे १.३ मिलिव्होल्टने उतरते. म्हणजे तिथेही दहा अंशांचा फरक १३ मिलिव्होल्टचा झाला, ४४ चा नव्हे.

संध्याताई, काही ठरवण्याआधी तीन गोष्टी करून इथे आकडे द्या. पहिली म्हणजे इलेक्ट्रोड काढून केबलच्या टोकाची मधली पिन आणि बाहेरचे कडे तारेने जोडा. मीटरने शून्य किंवा त्याच्या एक-दोन मिलिव्होल्ट आसपास दाखवायला हवे. तसे नसेल तर इलेक्ट्रोडला दोष देऊ नका. दुसरी म्हणजे प्रमाण द्रावण नव्या बाटलीतून स्वच्छ चंचुपात्रात ओतून घ्या आणि वापरलेले पुन्हा बाटलीत ओतू नका. तिसरी म्हणजे पीएच ४ आणि पीएच ७ च्या बफरमध्ये चिमूटभर क्विनहायड्रोन टाकून ढवळा, थोडे न विरघळता तळाशी उरेल इतके टाका, आणि त्याच दिवशी दोन्हींमध्ये वाचन घ्या. खोली शक्यतो २५ अंशांवर असू द्या.

पाणीदार

आमच्या घरच्या अल्कलाईन पाण्याच्या यंत्राबरोबर आलेला पेनसारखा मीटर आधी उणे २५० दाखवायचा, आता उणे ९० दाखवतो. म्हणजे माझाही इलेक्ट्रोड गेला असे समजावे का? की पाण्यातली शक्ती कमी झाली?

चिंचवडचा_चिवडा

पाणीदार, पाण्यातली शक्ती जागेवरच आहे, विक्रेत्याच्या बोलण्यातली कमी झाली असावी. 😄

निवृत्त_केमिस्ट

पाणीदार, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण उत्तर याच धाग्यात बसते. त्या पाण्यातला उणे आकडा विरघळलेल्या हायड्रोजनमुळे येतो आणि हायड्रोजन पेल्यातून उडून जातो, म्हणून पाणी भरल्यावर किती वेळाने मोजता यावर तो आकडा ठरतो. मीटर ठीक आहे की नाही, हे त्या पाण्यावरून कधीच कळणार नाही. एखादे प्रमाण द्रावण आणा आणि त्यात बुडवून पाहा.

ऑफसेटवाला

मी वीस वर्षे ईटीपी सांभाळतो आहे आणि वरिष्ठांच्या बाजूने बोलतो. ऑफसेट देण्यात पाप नाही. प्रमाण द्रावणात ४३१ येत असतील, तर ४४ मिळवले की ४७५ झाले आणि प्रक्रियेतले वाचनही तेवढेच सुधारले. नवीन इलेक्ट्रोडची मागणी मंजूर होऊन माल येईपर्यंत तीन आठवडे जातात, तोवर प्रकल्प बंद ठेवणार का? मी ५० पर्यंतचे ऑफसेट देऊन महिनोन्‌महिने काम काढले आहे.

प्रयोगशाळेतली_मावशी

विकतच्या बाटलीवर विश्वास नसेल, तर लाइटचे द्रावण स्वतः करता येते. आम्ही प्रयोगशाळेत तेच वापरतो. एक लिटरसाठी ३९.२१ ग्रॅम फेरस अमोनियम सल्फेट, ४८.२२ ग्रॅम फेरिक अमोनियम सल्फेट आणि ५६.२ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागते. अर्धे-अधिक पाणी आधी घ्यावे, त्यात आम्ल हळूहळू सोडावे, थंड होऊ द्यावे आणि मग क्षार विरघळवून लिटर पूर्ण करावा. फेरसचा क्षार जुना असेल आणि त्याच्या फिकट हिरव्या खड्यांवर पिवळट-तपकिरी छटा आली असेल, तर तो वापरू नये. संपृक्त पोटॅशियम क्लोराईड असलेल्या सिल्व्हर क्लोराईड संदर्भाशी २५ अंशांना ते सुमारे ४७५ दाखवते.

एक ताकीद मात्र द्यायलाच हवी. झोबेलच्या द्रावणात फेरो- आणि फेरिसायनाईड असतात. ते लाइटच्या द्रावणाच्या किंवा कोणत्याही आम्लाच्या भांड्यात ओतू नये, आणि एकातून दुसऱ्यात जाताना इलेक्ट्रोड नीट धुवावा. आमच्याकडे एका शिकाऊ मुलाने दोन्ही उरलेली द्रावणे एकाच पिंपात ओतायला घेतली होती, तेव्हा मी त्याचा हात धरला.

चाकणची_संध्या

सर्वांचे आभार. आज प्रयोगशाळेच्या वातानुकूलित खोलीत २५ अंशांवर सर्व करून पाहिले. केबलची टोके जोडल्यावर मीटरने ० दाखवले. नव्या बाटलीतल्या द्रावणात ४३२ आले. क्विनहायड्रोनच्या पीएच ४ च्या बफरमध्ये २२० आणि पीएच ७ मध्ये ४३ आले. दोन्ही वाचने एका मिनिटाच्या आत स्थिर झाली. यातून काय समजायचे, ते मात्र मला कळलेले नाही.

निवृत्त_केमिस्ट

हे आकडे बोलके आहेत, सावकाश पाहू या. क्विनहायड्रोनच्या या दोन बफरमध्ये अपेक्षित वाचने अनुक्रमे २६३ आणि ८६ आहेत. त्यांच्यातला फरक १७७ होतो, कारण पीएचच्या एका एककामागे ५९ मिलिव्होल्ट आणि एकके तीन. तुमच्या दोन वाचनांतला फरक २२० वजा ४३, म्हणजे तोही १७७ च. म्हणजे प्लॅटिनम आपले काम चोख करतो आहे. तो मळलेला असता किंवा आतून तडकून गळत असता, तर हा फरक आक्रसला असता किंवा आकडे रेंगाळले असते. पण तिन्ही द्रावणांत वाचन ४३-४४ ने खाली आहे. सगळीकडे सारखीच घसरण दिसली की दोष संदर्भाच्या बाजूला असतो, आणि प्लॅटिनम कितीही घासला तरी तो दोष जात नाही. तुमच्या साफसफाईने वेग सुधारला पण आकडा का सुधारला नाही, याचे उत्तर हेच आहे.

आता खाली का, वर का नाही? सिल्व्हर क्लोराईडच्या संदर्भाचे विभव आतल्या क्लोराईडच्या तीव्रतेवर ठरते. पोटॅशियम क्लोराईड दहापट पातळ झाले, तर ते विभव ५९ मिलिव्होल्टने वर चढते आणि मीटरवरचा ओआरपी तेवढाच खाली उतरतो. ४४ चा हिशेब केला तर आतले क्षारद्रावण साधारण साडेपाच पट पातळ झाले आहे असे निघते. कोणीतरी हा इलेक्ट्रोड दीर्घकाळ साध्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात ठेवत आले आहे का?

चाकणची_संध्या

होय! शनिवारी संध्याकाळी टाकी रिकामी होते. तेव्हा आमचे ऑपरेटर भाऊ इलेक्ट्रोड काढून डिस्टिल्ड पाण्याच्या चंचुपात्रात ठेवतात आणि सोमवारी परत लावतात. "सुकू नये म्हणून ठेवतो, मॅडम," असे ते म्हणाले. हे जवळजवळ वर्षभर चालू आहे, आणि मीही ते पाहून कधी हटकले नाही.

निवृत्त_केमिस्ट

त्यांचा हेतू चांगला होता, ठेवण्याचे पाणी चुकले. संदर्भाच्या सच्छिद्र खिडकीतून क्षार बाहेर झिरपत राहतो, आणि बाहेर डिस्टिल्ड पाणी असेल तर तो अधिकच वेगाने जातो. टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराईडचे चार थेंब आणि ओला स्पंज असता, तर हे टळले असते.

आता तुमच्या मूळ कोड्याकडे येतो, कारण ते मला या सगळ्यापेक्षा जास्त आवडले. तुमच्या इलेक्ट्रोडला एकाच वेळी दोन आजार होते आणि ते एकमेकांना झाकत होते. संदर्भ ढळल्यामुळे मीटर २८० दाखवायचा तेव्हा पाण्याचा खरा ओआरपी ३२४ असायचा, म्हणजे पंप लवकर थांबायला हवा होता आणि क्रोमियम उरायला हवे होते. पण प्लॅटिनमवर थर बसला होता. आम्लयुक्त क्रोमेटमध्ये त्याच्यावर ऑक्साईड चढतो आणि डिग्रीजिंगच्या पाण्यातले तेलही चिकटते. त्यामुळे मीटर काही मिनिटे मागे राहायचा आणि पंप त्या मिनिटांत मेटाबायसल्फाईट ओततच राहायचा. जास्त पडलेल्या त्या औषधामुळे क्रोमियम संपूर्ण उतरायचे, आणि तुम्हाला आलेला वास त्याच जादा औषधातून सुटणाऱ्या सल्फर डायऑक्साईडचा होता. तुम्ही प्लॅटिनम साफ केला, विलंब गेला, जादा औषध थांबले, आणि लपलेली ४४ मिलिव्होल्टची चूक उघडी पडली. गुलाबी रंग साफसफाईने आला नाही, तो आधीपासून दबा धरून होता.

चिंचवडचा_चिवडा

म्हणजे दोन चुका मिळून एक बरोबर, हा हिशेब आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, तो ईटीपीतही चालतो हे आज समजले.

ऑफसेटवाला

केमिस्टसाहेबांचे निदान मान्य आहे. पण त्यातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. घसरण सगळीकडे सारखीच ४४ असेल, तर ऑफसेटने ती पूर्ण भरून निघते. मग बदलायचे कशाला?

निवृत्त_केमिस्ट

आजच्या दिवसापुरती भरून निघते, हे मी नाकारत नाही. अडचण अशी आहे की क्षार ज्या वाटेने बाहेर गेला, त्याच वाटेने टाकीतले पाणी आत येते. अशा अवस्थेतला संदर्भ ४४ वर थांबत नाही, पुढच्या आठवड्यात ५२ आणि त्यापुढे ६० असा सरकत जातो, आणि तुमचा ऑफसेट मात्र जागच्या जागी असतो. माझा नियम असा आहे की साफसफाईनंतर १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर काहीही करू नये. ३० पर्यंत असेल आणि लागोपाठच्या तीन तपासण्यांत तेवढेच राहिले, तर ऑफसेट द्यावा. त्यापुढे गेले किंवा दर खेपेला बदलू लागले, तर इलेक्ट्रोड बदलावा. ऑफसेट दिलाच, तर मूळ वाचन आणि तारीख मीटरच्या झाकणावर चिकटवून ठेवावी, नाहीतर सहा महिन्यांनी आलेला माणूस ऑफसेटवर ऑफसेट चढवतो.

ऑफसेटवाला

३० ही सीमा तुमची, माझी ५० आहे. उत्पादक कंपन्यांच्या पुस्तिकांतही हा आकडा एकसारखा नसतो. तारीख चिकटवण्याचे मात्र पटले, ते मी करत नव्हतो.

प्रयोगशाळेतली_मावशी

संध्या, तुझा इलेक्ट्रोड जेल भरलेला बंद प्रकारचा आहे की वरून द्रावण भरण्याचे छिद्र असलेला? छिद्र असेल, तर जुने द्रावण ओढून काढ, ताज्या पोटॅशियम क्लोराईडने दोन-तीनदा खळबळून पुन्हा भर आणि रात्रभर त्याच द्रावणात उभा ठेवून तपास. तेवढ्याने वाचन ठिकाणावर आलेले मी पाहिले आहे. जेलचा असेल, तर कोमट पोटॅशियम क्लोराईडमध्ये रात्रभर ठेवून एक संधी द्यावी, पण फार आशा धरू नये.

मांडवीतीरी

गोव्यातल्या एका हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाची देखभाल माझ्याकडे आहे. वरचे सारे वाचून गोंधळलो, कारण माझी गोष्ट याच्या उलट आहे. आमचा इलेक्ट्रोड ४७५ च्या द्रावणात एका मिनिटात ४७२ दाखवतो, म्हणजे उत्तीर्ण. तलावात मात्र तो ६१० वर अडकून राहतो. मुक्त क्लोरीन आणि पीएच दोन्ही नेहमीसारखे आहेत आणि पूर्वी तेवढ्यावर ७०० च्या वर वाचन असायचे. कंट्रोलर सतत क्लोरीन सोडायला पाहतो, म्हणून मी तो हाताने चालवतो आहे. उत्तीर्ण इलेक्ट्रोड चुकीचे कसे दाखवेल?

भोसरीकर७४

तुम्ही स्टॅबिलायझर जास्त टाकला असणार. सायान्युरिक आम्ल वाढले की तेवढ्याच क्लोरीनला ओआरपी कमी येतो.

निवृत्त_केमिस्ट

भोसरीकर यांची शक्यता खरी आहे आणि ती आधी मोजून पाहावी. पण मांडवीतीरी यांनी नकळत प्रमाण द्रावणाच्या तपासणीची मर्यादा दाखवून दिली आहे. लाइटच्या द्रावणात लोहाच्या दोन अवस्था लिटरमागे दशांश मोल इतक्या दाट असतात आणि प्लॅटिनमशी झपाट्याने इलेक्ट्रॉनची देवघेव करतात. एवढ्या ठाम द्रावणात थोडा मळलेला प्लॅटिनमही खरे बोलतो. तलावात क्लोरीन लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम असते. तिथे सनस्क्रीनच्या तेलाचा पातळ थरदेखील वाचन ओढून खाली आणतो. म्हणून प्रमाण द्रावणात नापास झालेला इलेक्ट्रोड नक्की सदोष असतो, पण उत्तीर्ण झालेला प्रत्येक पाण्यात निर्दोष असेलच असे नाही. तुम्ही साबणाने धुवून, मऊ ओल्या कापडावर अगदी बारीक ॲल्युमिना पूड घेऊन फक्त प्लॅटिनम हलकेच घासा आणि तलावात परत लावल्यावर काही तास थांबा. दुसरा चांगला इलेक्ट्रोड शेजारी बुडवून ताडता आला, तर सर्वांत उत्तम.

भोसरीकर७४

ॲल्युमिना कुठे शोधायची? साधी पांढरी टूथपेस्ट चालते, आम्ही तीच वापरतो.

प्रयोगशाळेतली_मावशी

चालते, पण जेल प्रकारची नको. आणि सच्छिद्र खिडकीवर ती मुळीच जाऊ देऊ नये, छिद्रे बुजतात. मी स्वतः टूथपेस्टच्या विरोधात आहे, कारण तिच्यातले इतर पदार्थ प्लॅटिनमला चिकटतात आणि ते काढायला पुन्हा साबण लागतो.

चाकणची_संध्या

दहा दिवसांनी लिहिते आहे. आमचा इलेक्ट्रोड जेलचाच होता. मावशींनी सांगितल्याप्रमाणे कोमट पोटॅशियम क्लोराईडमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी ४४९ आले आणि मला आनंद झाला, पण टाकीत दोन दिवस राहिल्यावर तो पुन्हा ४३५ वर आला. त्यामुळे नवीन मागवला. तो येईपर्यंत वरिष्ठांच्या इच्छेप्रमाणे ऑफसेट दिला, पण प्रत्येक बॅचनंतर डायफिनाईलकार्बाझाईडची चाचणी करूनच पाणी पुढे सोडले, कारण बाहेर सोडायच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे आणि तिथे अंदाज चालत नाही.

नवीन इलेक्ट्रोडने प्रमाण द्रावणात ३० सेकंदांत ४७३ दाखवले. जुन्याच २८० च्या मर्यादेवर, ऑफसेट काढून, सलग सहा बॅच रंगहीन आल्या आणि वासही नाही. ऑफसेटवाला यांना सांगायला हरकत नाही की त्यांच्या पद्धतीने प्रकल्प एकही दिवस बंद पडला नाही.

मांडवीतीरी

माझेही सांगतो. सायान्युरिक आम्ल मोजले, ते पूर्वीइतकेच निघाले. ॲल्युमिना मिळाली नाही म्हणून फक्त साबण वापरला आणि वाचन सहा तासांत ६६५ वर आले. उरलेला फरक थराचा आहे की इलेक्ट्रोडच्या वयाचा, ते अजून कळलेले नाही. पूड मागवली आहे.

निवृत्त_केमिस्ट

घासून पाहिल्यावर आकडा इथे द्या. संध्याताई, नव्या इलेक्ट्रोडचे पहिल्या दिवसाचे ४७३ कुठेतरी लिहून ठेवले आहेत ना? पुढची प्रत्येक तपासणी त्याच्याशी ताडायची आहे, बाटलीवरच्या ४७५ शी नव्हे.

चाकणची_संध्या

लिहिले आहेत, तारखेसह, कंट्रोलरच्या झाकणावर. आणि ऑपरेटर भाऊंनी डिस्टिल्ड पाण्याच्या चंचुपात्रात आता मनीप्लांट लावला आहे.